स्प्रिंगचा स्थिरांक सांगताना: रेषा कुठून कुठपर्यंत सरळ आहे?

स्प्रिंगला एकेक वजन लावायचं, लांबी किती वाढली ते पट्टीवर वाचायचं, आलेख काढायचा आणि त्याच्या चढावरून स्थिरांक सांगायचा. प्रयोग तासाभरात उरकतो. अडचण येते ती निष्कर्ष लिहिताना. 'k = २५' एवढं लिहून वही मिटली, तर वाचणाऱ्याला कळत नाही की हा आकडा किती वजनापर्यंत खरा आहे, शेवटचे एक-दोन बिंदू तुम्ही धरले की सोडले, आणि सोडले असतील तर कशावरून. या लेखात एकाच स्प्रिंगची मोजमापं घेऊन तो निष्कर्ष कसा लिहायचा ते पाहू.

स्प्रिंग पोलादी तारेची, दोन्ही टोकांना आकडी असलेली, वेढे एकमेकांना चिकटलेले. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत बहुतेक वेळा अशीच मिळते. हे चिकटलेले वेढे पुढे बराच गोंधळ घालणार आहेत, ते लक्षात असू द्या.

मोजायला बसण्याआधी

स्टँडला स्प्रिंग टांगा, खालच्या आकडीला हलका काटा लावा आणि मीटरपट्टी स्टँडलाच घट्ट बांधा. पट्टी वेगळी टेकवून ठेवली तर अर्ध्या प्रयोगात ती सरकते, आणि सरकल्याचं कळतही नाही. काट्यामागे आरशाची पट्टी चिकटवली की काटा आणि त्याचं प्रतिबिंब एका रेषेत आणून वाचता येतं. तिरकं पाहिल्याने होणारी चूक जवळजवळ नाहीशी होते.

वजनांवर '१०० ग्रॅम' लिहिलेलं असलं तरी ती एकदा डिजिटल काट्यावर तपासून घ्या. माझ्या संचातली वजनं ०.३ टक्क्यांच्या आत बरोबर होती. हा आकडा टिपून ठेवा, शेवटी लागेल. गुरुत्वत्वरणाचंही तसंच: विषुववृत्तावर ते साधारण ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ असतं, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक. k तीन सार्थ अंकांत सांगायचा असेल तर आपल्या अक्षांशाचं मूल्य घ्यायला हवं. इथे मी ९.८१ धरलं आहे.

शेवटची तयारी सगळ्यात जास्त लोक टाळतात. मधलंच एखादं वजन, समजा ४०० ग्रॅम, तीनदा लावून-काढून वाचा. माझ्याकडे तिन्ही वाचनं एकमेकांच्या १ मिमीच्या आत आली. म्हणून मी आधीच ठरवून टाकलं: एखादा बिंदू रेषेपासून २ मिमीपेक्षा जास्त दूर गेला, तर तो रेषेवर नाही. ही मर्यादा मोजमापं पाहण्यापूर्वी कागदावर यायला हवी. नंतर ठरवली तर मन आपोआप सोयीची मर्यादा निवडतं.

मोजमापं

वजनाची दांडी धरून पहिला भार १०० ग्रॅमचा. दर वेळी १०० ग्रॅम वाढवायचे, डुलणं थांबू द्यायचं, अर्धा मिनिट थांबून वाचायचं. मग एक जादा काम: प्रत्येक भारानंतर वजनं उतरवून फक्त १०० ग्रॅमची दांडी ठेवायची आणि पुन्हा वाचायचं, नंतर दांडीही काढून रिकाम्या स्प्रिंगचं वाचन घ्यायचं. वेळ दुप्पट लागतो, पण 'रेषा का वाकली' याचं उत्तर याच वाचनांत मिळतं.

| भार (ग्रॅम) | बल (न्यूटन) | वाढ (मिमी) | परत १०० ग्रॅमवर (मिमी) | परत रिकामी (मिमी) |
|---|---|---|---|---|
| ० | ० | ० | – | – |
| १०० | ०.९८ | १९ | १९ | ० |
| २०० | १.९६ | ५९ | १९ | ० |
| ३०० | २.९४ | ९७ | १९ | ० |
| ४०० | ३.९२ | १३७ | १९ | ० |
| ५०० | ४.९१ | १७७ | १९ | ० |
| ६०० | ५.८९ | २१५ | २० | ० |
| ७०० | ६.८७ | २५५ | १९ | ० |
| ८०० | ७.८५ | २९४ | १९ | ० |
| ९०० | ८.८३ | ३३६ | २२ | ० |
| १००० | ९.८१ | ३८२ | २९ | ० |
| ११०० | १०.७९ | ४३६ | ४३ | ४ |

बलाला वाढीने भागू नका

सूत्र F = kx आहे, म्हणून प्रत्येक ओळीत बल भागिले वाढ करून सरासरी काढायचा मोह होतो. करून पाहा. १०० ग्रॅमला उत्तर येतं ५१.६ न्यूटन प्रति मीटर, ५०० ग्रॅमला २७.७ आणि ८०० ग्रॅमला २६.७. स्प्रिंग तीच, उत्तरं तीन, आणि त्यातलं एकही बरोबर नाही.

कारण वेढे चिकटलेले आहेत. अशी स्प्रिंग गुंडाळतानाच तारेत थोडा पीळ राहतो आणि तो वेढ्यांना एकमेकांवर दाबून धरतो. बाहेरचं बल या दाबाइतकं होईपर्यंत वेढे उघडतच नाहीत, स्प्रिंग जवळजवळ हलत नाही. याला सुरुवातीचा ताण म्हणू. वेढे उघडल्यावर मात्र दर न्यूटनमागे वाढ सारखीच होते. म्हणजे रेषा सरळ आहे, पण ती शून्यातून जात नाही. k हा रेषेचा चढ आहे. एका बिंदूवरचं बल आणि वाढ यांचं गुणोत्तर नाही.

म्हणूनच स्प्रेडशीटमध्ये 'रेषा शून्यातून न्या' हा पर्याय इथे घातक ठरतो. या बारा बिंदूंतून शून्याला बांधलेली रेषा काढली तर k येतो २६.२, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा पाच टक्के जास्त.

मधून सुरुवात करून बाहेर सरका

आता मुख्य प्रश्न: कोणते बिंदू रेषेत धरायचे? बहुतेक जण सगळे बिंदू टाकून रेषा काढतात आणि R² पाहतात. आपल्या बारा बिंदूंवर मुक्त रेषा काढली तर R² येतो ०.९९७. छान वाटतो ना? पण त्या रेषेतून k येतो २४.७, आणि खरं उत्तर, जे आपण आता काढणार आहोत, त्यापासून तो एक टक्क्याहून जास्त ढळलेला आहे. बल वाढलं की वाढ वाढते, एवढं असलं तरी R² एकच्या जवळ जातो. रेषा वाकली आहे की नाही, हे विचारायला तो भाबडा साक्षीदार आहे.

त्यापेक्षा मधल्या अशा बिंदूंपासून सुरुवात करा, जिथे दोन्ही टोकांच्या भानगडी पोहोचत नाहीत. इथे २०० ते ६०० ग्रॅमचे पाच बिंदू घेतले. त्यांच्या रेषेचा चढ येतो दर १०० ग्रॅमला ३९.२ मिमी. आता ही रेषा दोन्ही बाजूंना लांबवा आणि बाहेरच्या बिंदूंसाठी तिचं भाकीत काय आहे ते पाहा.

७०० ग्रॅमला भाकीत २५४.६, वाचन २५५. ८०० ला भाकीत २९३.८, वाचन २९४. खालच्या बाजूला १०० ग्रॅमला भाकीत १९.४, वाचन १९. तिन्ही बिंदू २ मिमीच्या आत आहेत, तेव्हा ते रेषेत घ्यायचे. ९०० ग्रॅमला भाकीत ३३३.० आणि वाचन ३३६: तीन मिमी पुढे, म्हणजे बाहेर. तरी एकाच बिंदूवर निकाल देऊ नये, ते वाचनच चुकलेलं असू शकतं. पुढचा बिंदू पाहा: १००० ग्रॅमला भाकीत ३७२.२ आणि वाचन ३८२. फरक त्याच दिशेने आणि आधीपेक्षा मोठा. वाचनातली चूक कधी इकडे जाते कधी तिकडे. एकाच दिशेने वाढत जाणारा फरक ही स्प्रिंगची करणी. शून्य भाराला भाकीत वजा १९.८ येतं आणि वाचन ०, तेव्हा तो बिंदूही बाहेर.

रेषा, आणि तिच्यापासूनचे फरक

आता १०० ते ८०० ग्रॅमच्या आठ बिंदूंतून शेवटची रेषा काढू. एक बारीक गोष्ट: वजनं आपल्याला चांगली माहीत आहेत, चूक आहे ती लांबी वाचण्यात. लघुतम वर्ग पद्धत धरून चालते की चूक उभ्या अक्षावरच्या राशीत आहे. म्हणून पुस्तकात बल उभ्या अक्षावर असलं तरी गणितासाठी वाढ उभी आणि बल आडवं घ्या, आणि मिळालेला चढ उलटा करा. बिंदू इतके सरळ असताना उत्तरात फरक नगण्य पडतो, पण बिंदू विखुरलेले असले की पडतो.

पहिल्या ओळीत शीर्षकं, दुसरीत शून्य भार, स्तंभ A मध्ये बल आणि B मध्ये वाढ असेल तर:

```
=LINEST(B3:B10, A3:A10, TRUE, TRUE)
```

पहिला TRUE म्हणजे रेषेला शून्यातून जायची सक्ती नाही. पहिल्या ओळीत चढ आणि छेद मिळतो, दुसऱ्या ओळीत त्या दोघांच्या प्रमाण त्रुटी. बल गोल न करता पूर्ण अंकांनी भरलं, तर चढ येतो ४०.०३ मिमी प्रति न्यूटन, प्रमाण त्रुटी ०.०८. उलटा केला की k = २४.९८ न्यूटन प्रति मीटर, आणि त्रुटी त्याच प्रमाणात, म्हणजे ०.०५. छेद वजा २०.१ मिमी. त्याला चढाने भागलं की रेषा वाढ-शून्याला कुठे पोहोचते ते कळतं: ०.५० न्यूटन. हाच सुरुवातीचा ताण.

इथे थांबू नका. प्रत्येक बिंदूचा रेषेपासूनचा फरक वेगळ्या आलेखावर मांडा. मूळ आलेखावर अर्धा मीटर उंचीत तीन मिमी डोळ्याला दिसतच नाहीत. फरकांच्या आलेखावर तेच तीन मिमी टेकडीसारखे उठून दिसतात. आपले आठ फरक असे: –०.२, +०.६, –०.७, ०.०, +०.७, –०.५, +०.२, –०.१. चिन्हं बदलत राहतात आणि सगळे १ मिमीच्या आत आहेत. त्यानंतर ९०० ला +२.६, १००० ला +९.४, ११०० ला +२४.१. वाकण कुठे सुरू होतं ते आता दाखवावं लागत नाही. आठ फरकांत आधी अधिक, मधे वजा, पुन्हा अधिक अशी कमान दिसली असती, तर धरलेला भागच मुळात सरळ नाही असं समजून तो आखूड करावा लागला असता.

रिकामी स्प्रिंग खोटं बोलते

वाकण आलं खरं, पण का? भार काढल्यावर स्प्रिंग पूर्ण परत येत असेल तर ती फक्त सरळ रेषेत नव्हती. परत येत नसेल तर तारेला कायमचा पीळ बसला. पहिली रेषीयतेची मर्यादा, दुसरी स्थितिस्थापकतेची. दोन्ही एक नव्हेत, आणि अहवालात त्यांची सरमिसळ करू नये.

पद्धत म्हणून आपण भार काढतो आणि काटा शून्यावर आला का पाहतो. तक्त्याचा शेवटचा स्तंभ वाचा: १००० ग्रॅमनंतरही रिकामी स्प्रिंग बरोबर ० दाखवते. म्हणजे काही बिघडलं नाही? मीही एकदा असंच लिहून बसलो होतो. पण त्याच्या डावीकडचा स्तंभ पाहा. १०० ग्रॅमवर आधी १९ येत होते, ९०० नंतर २२ येतात, १००० नंतर २९.

घडतं असं. कायमची वाढ झाली की वेढ्यांना लांब व्हायचं असतं, पण ते अजून एकमेकांवर दाबलेले असतात. म्हणून ती वाढ आधी हा दाब खाऊन टाकते. सुरुवातीचा ताण कमी होतो, वेढे मात्र चिकटलेलेच राहतात आणि काटा शून्यावर. ०.५० न्यूटनचा दाब २५ न्यूटन प्रति मीटरच्या स्प्रिंगमध्ये २० मिमीची कायमची वाढ लपवू शकतो. ११०० ग्रॅमला ती २४ मिमी झाली, तेव्हा कुठे उरलेले ४ मिमी रिकाम्या स्प्रिंगमध्ये दिसले. म्हणून चिकट वेढ्यांच्या स्प्रिंगची परतीची तपासणी अशा हलक्या भारावर करा, जिथे वेढे पूर्ण उघडलेले असतात. उलट, रिकाम्या स्प्रिंगचं शून्यच लवकर हललं, तर आधी आकडी उघडली आहे का ते बघा. तिथे दाब लपवायला वेढे नसतात.

आणखी एक गोष्ट इथेच जुळते. १०० ग्रॅमवरची कायमची वाढ, म्हणजे ३, १० आणि २४ मिमी, आणि रेषेपासूनचे फरक २.६, ९.४ आणि २४.१ हे वाचनाच्या चुकीच्या आत सारखेच आहेत. म्हणजे या स्प्रिंगमध्ये रेषा वाकली ती तार कायमची पिळली गेल्यामुळेच, आणि दोन्ही मर्यादा एकाच टप्प्यात येतात. रबरी दोरीत असं जुळलं नसतं. ती वाकते आणि तरीही बरीचशी परत येते.

शेवट कुठे, हे कसं लिहायचं

'रेषीय भाग ८.८३ न्यूटनला संपतो' असं लिहू नका. आपल्याला एवढंच माहीत आहे की ७.८५ ला तो होता आणि ८.८३ ला नव्हता. मधे आपण मोजलंच नाही. मर्यादा एका टप्प्यातच सांगता येते, आणि टप्प्याची रुंदी तुमच्या वजनांच्या पायरीएवढी असते.

सोबत निकषही लिहावा लागतो. आपला निकष २ मिमी होता. समजा तो 'भाकिताच्या एक टक्का' असा असता. ९०० ग्रॅमला २.६ मिमी म्हणजे ३३३ च्या ०.८ टक्के. तो बिंदू रेषेत बसला असता आणि मर्यादा ८.८३ ते ९.८१ च्या टप्प्यात गेली असती. स्प्रिंग तीच, मोजमापं तीच, मर्यादा वेगळी. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. निकष न सांगता दिलेलं कोणतंही उत्तर अपुरं आहे.

k ची अनिश्चितता: रेषेतून ०.०५, वजनांच्या ०.३ टक्क्यांतून सुमारे ०.०७. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की ०.०९, म्हणजे ०.१. आता २४.९८ मधला ८ लिहिण्यात अर्थ नाही. वहीत उतरेल ते असं:

> k = २५.० ± ०.१ न्यूटन प्रति मीटर (प्रमाण अनिश्चितता), ०.९८ ते ७.८५ न्यूटन बलाच्या आठ बिंदूंवरून, वाढ १९ ते २९४ मिमी, रेषा शून्याला न बांधता. सुरुवातीचा ताण ०.५० ± ०.०१ न्यूटन. ०.९८ न्यूटनखाली भाराचं मोजमाप नाही. रेषेपासून २ मिमीपेक्षा जास्त फरक हा निकष धरून रेषीय भागाची वरची मर्यादा ७.८५ आणि ८.८३ न्यूटनच्या दरम्यान. ८.८३ न्यूटननंतर १०० ग्रॅमवर ३ मिमी कायमची वाढ.

'०.९८ खाली मोजमाप नाही' हे मुद्दाम लिहिलं आहे. तिथे रेषा ०.५० ला टोकदार वळण घेते असं गणित म्हणतं, पण प्रत्यक्षात ते वळण गोलसर असतं. वरच्या वेढ्यांवर खालच्या वेढ्यांचं वजन असतं म्हणून ते आधी उघडतात, आणि गुंडाळतानाचा दाबही सगळीकडे सारखा नसतो. तो भाग हवा असेल तर दांडीऐवजी हलकं ताट लावून १० ग्रॅमच्या पायरीने मोजा.

वरची मर्यादा अरुंद टप्प्यात हवी असेल तर ८०० च्या पुढे २० ग्रॅमची पायरी घ्या, पण त्याच जातीच्या नव्या स्प्रिंगवर. वापरलेल्या स्प्रिंगवर काय होतं ते मी करून पाहिलं आहे. ११०० ग्रॅमनंतरची ४ मिमी हे नवं शून्य धरून सगळी मोजमापं पुन्हा घेतली. आलेख इतका देखणा आला की पहिला फाडून टाकावासा वाटला: रेषा थेट शून्यातून, वेढ्यांची भानगड नाही, आणि १००० ग्रॅमच्या पुढेही सरळच. चढ जवळपास तोच, २५. पण सुरुवातीचा ताण पहिल्या फेरीतच संपला होता, आणि तार एकदा जिथवर पिळली गेली तिथवर दुसऱ्यांदा ती जवळजवळ सरळ रेषेतच जाते. स्प्रिंग बनवणारे हे मुद्दामही करतात, आधीच जास्त भार देऊन. त्या दुसऱ्या आलेखावरून लिहिलेला k चालला असता. मर्यादा मात्र त्या स्प्रिंगची नव्हती. ती मी आदल्या फेरीत टांगलेल्या सगळ्यात मोठ्या वजनाची होती.